साध्या मजकुरात प्रकरणाचा सारांश लिहिताना समीकरणे, चिन्हे आणि एकके कशी जपावीत

धारित्र म्हणजेच कपॅसिटर या विषयावरच्या प्रकरणाचा सारांश मी पहिल्यांदा लिहिला, तेव्हा तो साध्या मजकुरात हवा होता. ठळक अक्षरे नाहीत, तिरपी नाहीत, वर चढवलेले किंवा खाली उतरवलेले आकडे नाहीत, चित्र तर नाहीच. एकामागोमाग एक येणारी अक्षरे, एवढेच. मी पुस्तकाच्या पीडीएफमधून विद्युत स्थिरांकाची किंमत उचलली, सारांशात चिकटवली आणि पुढे गेलो. ती ओळ अशी उमटली होती:

```
8.854 × 10-12
```

मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला तिच्यात काही वावगे दिसले नाही, कारण छापील पान माझ्या डोक्यात होते आणि मी वाचत होतो ते पान, ती ओळ नव्हे. मग एका विद्यार्थिनीने विचारले की या किमतीचे पुढे काय करायचे, कारण तिच्या गणकयंत्रावर 76.54 येते. तिने जे लिहिले होते तेच वाचले होते: 8.854 गुणिले 10, वजा 12. तिचे गणित अचूक होते, चूक माझ्या ओळीत होती.

छापील पानावर अक्षराची जागा, त्याचा आकार आणि त्याचा तिरकेपणा हेसुद्धा अर्थ सांगत असतात. साध्या मजकुरात हे तिन्ही नाहीसे होतात, आणि म्हणून जागेने जे सांगितले होते ते प्रत्येक वेळी एखाद्या अक्षराने किंवा शब्दाने सांगावे लागते. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत. उदाहरण म्हणून मी धारित्रांचेच प्रकरण शेवटपर्यंत घेतले आहे, कारण या कामातल्या बहुतेक अडचणी त्या एका प्रकरणात भेटतात.

## लागणारे साहित्य

- मूळ प्रकरणाचे छापील पान किंवा पानाचे चित्र. पीडीएफमधून उचललेला मजकूर हा याला पर्याय नाही.
- साधा मजकूर लिहिण्याचा एडिटर, ज्यात सगळी अक्षरे सारख्या रुंदीची दिसतात. फाईल UTF-8 मध्ये साठवावी.
- कंस टाकता येणारे वैज्ञानिक गणकयंत्र, किंवा पायथॉनसारखी एखादी भाषा.
- कोरा कागद आणि पेन. त्याचे काम सातव्या पायरीत येईल.

शब्दप्रक्रियेचे सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यात आपण पत्रे लिहितो ते, या कामासाठी मी वापरत नाही. त्यातली आपोआप सुधारणा `(C)` लिहिले की त्याचे © करून टाकते, `1/2` चे ½ करते आणि वजा चिन्हाची लांब रेघ करते. वापरायचेच असेल तर आधी ही सुधारणा बंद करावी. मोबाईलवर लिहिणाऱ्यांनी ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठे होण्याची सोयही बंद करावी, कारण `mF` चे `MF` झाले की मिलिफॅरडचा मेगॅफॅरड होतो, म्हणजे किंमत अब्जपट होते.

## पायरी १ : लिहिण्याआधी पानावरच्या धोक्याच्या जागा शोधा

मूळ पान समोर ठेवून सारांशात जाणाऱ्या प्रत्येक समीकरणावर पेन्सिलीने खूण करा, आणि त्यातला कोणता अर्थ केवळ जागेमुळे किंवा अक्षराच्या वळणामुळे समजतो ते पाहा. वर चढवलेला घातांक, खाली उतरवलेला निर्देशांक, अपूर्णांकाची आडवी रेघ, वर्गमुळाच्या चिन्हाची लांबी आणि तिरपे अक्षर या पाच गोष्टी पाहिल्या तरी बरेच काम होते. माझ्या प्रकरणात सारांशासाठी फक्त पाच समीकरणे होती, आणि त्या पाचांत अशा अकरा जागा निघाल्या.

पीडीएफमधून उचललेला मजकूर इथे फसवतो, कारण तो बहुतांशी बरोबर असतो. अपूर्णांकाची रेघ हे पानावरचे एक रेखाचित्र असते, अक्षर नसते, म्हणून ती मजकुराबरोबर येत नाही. अंश आणि छेद शेजारी शेजारी किंवा दोन वेगळ्या ओळींवर येऊन पडतात. धारित्रातील ऊर्जेचे सूत्र माझ्याकडे `1 2 CV2` असे आले होते. म्हणून समीकरणे कधीही चिकटवू नयेत, पानाकडे पाहून हाताने टंकलिखित करावीत. वेळ थोडा जास्त जातो, पण चिकटवलेले समीकरण तपासायला त्याहून जास्त जातो.

## पायरी २ : चिन्हांची यादी करा आणि एका अक्षराला एकच अर्थ द्या

छापील पुस्तकात राशींची अक्षरे तिरपी आणि एककांची अक्षरे सरळ छापण्याचा नियम आहे. वाचकाला तो माहीत नसला तरी त्याच्या डोळ्यांना त्याचा आधार असतो. साध्या मजकुरात सगळीच अक्षरे सरळ होतात, आणि धारित्रांच्या प्रकरणात लगेच चार अक्षरांची टक्कर होते. `C` म्हणजे धारकता आणि `C` म्हणजेच कूलॉम. `V` म्हणजे विभवांतर आणि `V` म्हणजेच व्होल्ट. `A` म्हणजे पट्टीचे क्षेत्रफळ आणि `A` म्हणजेच अँपिअर. `e` म्हणजे 2.718 ही नैसर्गिक लॉगॅरिदमची पायासंख्या, आणि इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे परिमाणही `e` च.

`Q = C V` या सूत्राखाली `Q = 1.2 mC` असे उत्तर लिहिले, तर नवख्या वाचकाला दुसऱ्या ओळीतला `C` हा पहिल्याच ओळीतला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मिलि गुणिले धारकता असा अर्थ लावलेला मी पाहिला आहे.

यावर तोडगा असा की सारांशाच्या सुरुवातीला चिन्हांची यादी द्यावी आणि टक्कर होणाऱ्या जागी एका बाजूने शब्द वापरावा. माझी पद्धत अशी आहे की सूत्रांत अक्षरे राशींसाठी ठेवायची, आणि टक्कर होणारे एकक वाक्यात किंवा उत्तरात पूर्ण शब्दाने लिहायचे: `1.2` मिलिकूलॉम, `12` व्होल्ट. पायासंख्येसाठी `e^(...)` ऐवजी `exp(...)` लिहावे. मग `e` मोकळा राहतो आणि घातांकाचा कंसही आपोआप येतो.

मूळ पुस्तकातले चिन्ह बदलण्याचा मोह मात्र आवरावा. धारकतेला `C` ऐवजी `K` म्हटले तर टक्कर टळते खरी, पण वाचक सारांशावरून पुस्तकाकडे गेला की त्याला तिथे वेगळीच चिन्हे दिसतात. निर्देशांक लावणे हा मधला मार्ग आहे: विद्युतघटाचे विभवांतर `V_0`, धारित्रावरचे `V_C`. खालची रेघ म्हणजे पुढचे अक्षर खाली उतरवलेले आहे, हे यादीत एका वाक्यात सांगून टाकावे.

ग्रीक अक्षरांबद्दल एक निराळा सापळा आहे, आणि तो जुन्या फाईलींमध्ये हमखास भेटतो. पूर्वी ग्रीक अक्षरे `Symbol` नावाच्या फाँटमधून छापली जात. त्या फाँटमध्ये `m` टंकले की μ दिसतो, `W` टंकले की Ω, `e` टंकले की ε आणि `t` टंकले की τ. फाँट निघून गेला की मूळचे रोमन अक्षर उरते. परिणामी कालस्थिरांकाचे `τ = R C` हे सूत्र `t = R C` होते, 22 kΩ चा रोध 22 kW होऊन एकदम शक्तीसारखा दिसू लागतो, आणि 100 µF चे 100 mF होऊन किंमत हजारपट वाढते. यातली एकही गोष्ट चौकटी किंवा प्रश्नचिन्ह होऊन आलेली नसते, म्हणून नुसती नजर फिरवून ती सापडत नाही.

काही जण या भीतीने ग्रीक अक्षरे पूर्णपणे टाळतात. मला ते आवश्यक वाटत नाही. सारांश देवनागरीत आहे म्हणजे तो ज्या मार्गाने जाणार आहे तो मार्ग युनिकोड वाहून नेतो, आणि जिथे देवनागरी टिकते तिथे Ω आणि τ सहसा टिकतात. फक्त ती स्वतः युनिकोडमध्ये टंकावीत, जुन्या फाईलीतून उचलू नयेत, आणि यादीत त्यांच्यासमोर नाव लिहावे: `τ` (टाउ), `ε_0` (एप्सिलॉन शून्य). नाव लिहिलेले असले की अक्षर बिघडले तरी वाचकाला ते ओळखता येते.

## पायरी ३ : समीकरण एका ओळीत आणताना कंस भरा

आडवी रेघ तिच्या वरचे सगळे आणि खालचे सगळे एकत्र बांधून ठेवते. तिच्या जागी तिरकी रेघ आली की ही बांधणी सुटते, म्हणून ती कंसांनी करावी लागते. प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे समीकरण प्रभारित होत असलेल्या धारित्राचे आहे. पुस्तकात त्याचा घातांक वर चढवलेला, त्यात आडवी रेघ, वर `t` आणि खाली `RC`. घाईत ते असे लिहिले जाते:

```
V = V0(1 - e^-t/RC)
```

ही ओळ तीन प्रकारे वाचता येते. पुस्तकाला अभिप्रेत असलेला अर्थ म्हणजे संपूर्ण `t/RC` घातांकात आहे. दुसरा अर्थ असा की घातांकात फक्त `-t` आहे आणि त्याचे उत्तर `RC` ने भागायचे आहे. क्रियांच्या नेहमीच्या क्रमाप्रमाणे घात आधी आणि भागाकार नंतर, म्हणून काटेकोर वाचणारा हाच अर्थ घेईल. तिसरा अर्थ असा की डावीकडून उजवीकडे जाताना `t` ला `R` ने भागून `C` ने गुणायचे, आणि गणकयंत्रात कंस न टाकता संख्या भरल्या की नेमके हेच होते. बरोबर ओळ अशी:

```
V_C = V_0 × (1 - exp(-t / (R C)))
```

इथे `R C` भोवतीचा कंस अनावश्यक वाटेल, पण तोच तिसरा अर्थ बंद करतो. भागाकारानंतर एकाहून जास्त अवयव आले की त्यांना कंस, हा नियम अपवाद न करता पाळावा.

ऊर्जेच्या सूत्रात `1/2CV^2` असे लिहू नये, कारण सगळेच छेदात आहे असे कोणी वाचू शकेल. `U = (1/2) × C V^2` असे लिहिले की प्रश्न मिटतो. याच ओळीत वर्ग फक्त `V` चा आहे, `C` चा नाही, हेही मोकळ्या जागेमुळे स्पष्ट होते. वर्गमुळासाठी `sqrt(...)` वापरावे आणि मूळ चिन्हाची आडवी रेघ जिथे संपते तिथेच कंस बंद करावा.

गुणाकाराचे चिन्ह कोणते घ्यावे यावर बरीच मते आहेत. मी दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतो, आणि संख्या किंवा कंस आला की × घालतो. तारा, म्हणजे `*`, मी सारांशात घेत नाही, कारण काही ठिकाणी दोन ताऱ्यांमधला मजकूर तिरपा करण्याची खूण म्हणून तारे वापरले जातात आणि मग तारेच गायब होतात: `2*3*4` चे 234 झालेले दिसते. इंग्रजी `x` तर नकोच, कारण तो स्वतः एक राशी असू शकतो.

प्रत्येक समीकरण स्वतंत्र ओळीवर लिहावे आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये. वाक्याच्या मध्ये घुसवलेले समीकरण ओळ संपली की कुठेही तुटते, आणि वजा चिन्ह एका ओळीच्या शेवटी व संख्या पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेली तर ते चिन्ह संयोगचिन्हासारखे दिसू लागते.

## पायरी ४ : घातांक

घातांकासाठी `^` हे चिन्ह वापरावे आणि ऋण घातांक कंसात घालावा: `10^(-12)`. युनिकोडमध्ये ² आणि ⁻ अशी वर चढवलेली अक्षरे तयार मिळतात आणि ती दिसायलाही छान असतात, तरी मी ती वापरत नाही. मजकुराची साफसफाई करणाऱ्या काही प्रक्रिया एकसारखी दिसणारी अक्षरे एकत्र करण्याच्या नादात ² चे साधे 2 करतात. NFKC या नावाचे युनिकोडचे प्रमाणीकरण नेमके हेच करते. मग `10²` चे `102` होते आणि मागे काहीही खूण उरत नाही. `^` मात्र या प्रक्रियेत जसेच्या तसे राहते.

लिहून झाल्यावर घातांक हरवलेल्या जागा यंत्राकडून शोधून घ्याव्यात. फाईलचे नाव `saar.txt` असेल तर:

```
grep -nE '10 ?(-|−|–)[0-9]' saar.txt
```

यात तीन प्रकारच्या आडव्या रेघा आहेत, कारण वजा चिन्ह, संयोगचिन्ह आणि लांब रेघ ही तीन वेगळी अक्षरे आहेत. `10^(-12)` या शोधात सापडत नाही, `10-12` सापडते. एखादी पान क्रमांकांची मर्यादाही सापडेल, ती सोडून द्यावी. धन घातांक, म्हणजे `10^6` चे `106` झालेले, या मार्गाने सापडत नाहीत. ते पानाशी ताडूनच पाहावे लागतात.

## पायरी ५ : एकके

संख्या आणि एकक यांत एक मोकळी जागा, एककाला अनेकवचन नाही, आणि एका एककात तिरकी रेघ एकदाच, हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे नियम साध्या मजकुरात अधिकच उपयोगी पडतात. विद्युत स्थिरांकाचे एकक पुष्कळ पुस्तकांत कूलॉम वर्ग भागिले न्यूटन मीटर वर्ग असे दिलेले असते. ते `C^2/N m^2` असे लिहिले तर `m^2` छेदात आहे की अंशात हे कळत नाही. `C^2/(N m^2)` असे लिहावे. त्याच राशीचे `F/m` हे एककही तितकेच बरोबर आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. पुस्तकाने दोन्ही दिली असतील तर सारांशात साधे घ्यावे.

अक्षर लहान की मोठे यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. `m` म्हणजे मिलि, `M` म्हणजे मेगॅ. `s` म्हणजे सेकंद, `S` म्हणजे सीमेन्स. `N m` मधली जागा आणि क्रम दोन्ही जपावे लागतात, कारण `mN` म्हणजे मिलिन्यूटन आणि `nm` म्हणजे नॅनोमीटर.

क्षेत्रफळाच्या एककात चूक होते ती लिहिण्यात नव्हे, वाचण्यात, म्हणून सारांशात रूपांतराची ओळ द्यावी. `cm^2` मध्ये वर्ग `cm` या संपूर्ण एककाचा असतो, म्हणून 100 cm^2 म्हणजे `100 × 10^(-4)`, म्हणजेच `10^(-2)` चौरस मीटर. शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर हे डोक्यात बसलेले असल्यामुळे पुष्कळ जण इथे 1 चौरस मीटर घेतात. अशा दोन पट्ट्या 1 मिलिमीटर अंतरावर असतील तर:

```
C = ε_0 A / d
  = 8.854 × 10^(-12) × 10^(-2) / 10^(-3)
  = 8.854 × 10^(-11) F
  = 88.54 pF
```

रूपांतर चुकले तर हीच धारकता शंभरपट येते. उत्तर 8854 pF आले तर शोध या ओळीपासून सुरू करावा.

## पायरी ६ : देवनागरीचे स्वतःचे सापळे

हे सापळे आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांच्याच वाट्याला येतात. देवनागरी शून्य आणि अंशाचे चिन्ह दिसायला जवळजवळ सारखे असते, म्हणून तापमान २५ अंश लिहिताना कोणी अंशाच्या जागी शून्य टंकतो आणि ते २५० होते. उलट अंशाचे चिन्ह गळून पडले तर 25 °C चे 25 C होते, म्हणजे पंचवीस कूलॉम. गुणोत्तरात विसर्ग आणि अपूर्णविराम यांची अदलाबदल होते. दिसायला फरक नसतो, पण शोध घेताना किंवा आकडे गणकयंत्रात नेताना तो जाणवतो.

आकड्यांबाबत मी एक सीमा आखली आहे आणि या लेखातही तीच पाळली आहे. सूत्रातील, एककासोबतची आणि गणितातील संख्या इंग्रजी अंकांत. पायऱ्यांचे क्रमांक आणि वाक्यातली मोजदाद देवनागरीत किंवा शब्दांत. एकाच संख्येत दोन्ही लिपींचे अंक कधीही मिसळू नयेत, कारण देवनागरी ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि घाईत तसाच वाचला जातो.

मूळ मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये असेल तर रूपांतर करताना सूत्रे बाजूला काढून ठेवावीत. त्या फाँटमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षर एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते, त्यामुळे रूपांतर करणाऱ्या साधनाला तुमच्या सूत्रातला खरा `C` आणि देवनागरीचे सोंग घेतलेला `C` यांत भेद करता येत नाही. आधी सूत्रांच्या जागी [सूत्र १] अशा खुणा ठेवा, रूपांतर करा, आणि नंतर सूत्रे हाताने भरा.

## पायरी ७ : लिहिलेल्या ओळीवरून उलटे जा

आता कोरा कागद घ्या, मूळ पुस्तक बंद करा, आणि सारांशातली प्रत्येक ओळ जशी लिहिली आहे तशी वाचून तिचे छापील रूप कागदावर काढा: आडव्या रेघा, चढवलेले घातांक, सगळे. मग पुस्तक उघडून दोन्ही ताडून पाहा. हे काम दुसऱ्या व्यक्तीने केले तर उत्तम, कारण तिच्या डोक्यात ते पान आधीपासून नसते.

त्यानंतर प्रत्येक सूत्रात संख्या घालून पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाशी उत्तर जुळवावे. इथे मी स्वतः एकदा चांगलाच फसलो. तपासणीसाठी मी रोध 10 kΩ, धारकता 100 µF, विभवांतर 12 V आणि वेळ 2 s घेतली. तेव्हा माझ्या ओळीत घातांकाभोवतीचे कंस नव्हते, तरी उत्तर बरोबर 10.38 V आले आणि मी निर्धास्त झालो. कारण नंतर लक्षात आले: 10 kΩ गुणिले 100 µF म्हणजे नेमका 1 सेकंद. 1 ने घातांकाच्या आत भागले काय किंवा बाहेर भागले काय, उत्तर तेच येणार. माझ्या सोयीच्या आकड्यांनी चूक झाकून टाकली होती.

म्हणून तपासणीसाठी असे आकडे घ्यावेत की कोणताही गट 1 होणार नाही आणि कोणत्याही दोन राशी सारख्या नसतील. मी आता 22 kΩ, 100 µF, 12 V आणि 3.3 s घेतो. कालस्थिरांक 2.2 s येतो आणि घातांक -1.5.

```
from math import exp
V0, R, C, t = 12, 22e3, 100e-6, 3.3
print(V0 * (1 - exp(-t / (R * C))))
print(V0 * (1 - exp(-t) / (R * C)))
print(V0 * (1 - exp(-t / R * C)))
```

पहिली ओळ बरोबर अर्थाची आहे आणि तिचे उत्तर 9.32 व्होल्ट येते. दुसऱ्या अर्थाने 11.80 येते, तिसऱ्या अर्थाने जवळजवळ शून्य. तिसरी चूक लगेच उघडी पडते. दुसरी मात्र 0 आणि 12 च्या मध्येच असल्यामुळे पटण्यासारखी वाटते, आणि म्हणून पुस्तकातल्या उत्तराशी ताडल्याशिवाय सुटका नाही.

एककांची तपासणी संख्यांपासून वेगळी करावी. घातांक नेहमी एककरहित असला पाहिजे, म्हणून `R C` चे एकक सेकंद यायला हवे. ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, फॅरड म्हणजे कूलॉम भागिले व्होल्ट. गुणाकारात व्होल्ट जातात आणि कूलॉम भागिले अँपिअर उरते, म्हणजेच सेकंद. ही तपासणी वर सांगितलेला दुसरा अर्थ लगेच पकडते, कारण त्यात `exp` च्या आत नुसता सेकंद राहतो. मात्र µF चे mF झालेले तिला दिसत नाही, आणि `1/2` हा गुणक गळाला तरी तिचा आक्षेप नसतो. ते संख्यांनीच कळते: 100 µF आणि 12 V ला ऊर्जा 7.2 मिलिज्यूल यायला हवी.

## पायरी ८ : पाठवण्याआधी

तयार सारांशातला सूत्रांचा भाग साधारण असा दिसावा:

```
चिन्हे ( _ म्हणजे खाली उतरवलेले, ^ म्हणजे घात )
C     धारकता, एकक F (फॅरड)
R     रोध, एकक Ω (ओहम)
V_0   विद्युतघटाचे विभवांतर, एकक व्होल्ट
V_C   t या वेळी धारित्रावरचे विभवांतर, एकक व्होल्ट
τ     (टाउ) कालस्थिरांक, एकक s (सेकंद)

τ = R C
V_C = V_0 × (1 - exp(-t / τ))

t = τ झाल्यावर V_C हे V_0 च्या सुमारे 63.2 टक्के होते.
```

शेवटचे वाक्य मी मुद्दाम ठेवतो. सूत्र वाटेत कुठे बिघडले तर वाचकाला `t = τ` घालून 63.2 टक्के येतात का ते पाहता येते, म्हणजे तपासण्याचे साधन सारांशाबरोबरच जाते. प्रत्येक मुख्य सूत्रासोबत असे एक संख्येचे वाक्य द्यावे.

यानंतर फाईल ज्या मार्गाने जाणार आहे त्याच मार्गाने ती आधी स्वतःला पाठवावी, दुसऱ्या उपकरणावर उघडावी, आणि फक्त चार गोष्टी पाहाव्यात: Ω, τ, µ आणि वजा चिन्ह. ती चार जशीच्या तशी दिसली की सारांश पाठवायला हरकत नाही.